दहावं घर

साठच्या दशकात मी पालघरला एका सरकारी कचेरीत सांख्यिकीचा माणूस होतो. तालुक्यातल्या विहिरी, कोंबड्या, खताचे खड्डे आणि धूर न करणाऱ्या चुली मोजून त्यांचे तक्ते वर पाठवायचे, एवढंच काम. ते करायला पाढे येणं पुरेसं होतं. पण मला पुण्याला पाठवून सहा आठवडे शिकवून आणलं होतं. सगळ्यांना विचारता येत नसेल तर थोड्यांना कसं विचारायचं, ते थोडे कसे निवडायचे, किती निवडले तर पुरतात, असं सगळं. मी जवळच्याच माहीमच्या पानवाडीत वाढलेला, घरात पहिलाच पदवीधर. परत आलो तो बगलेत जाड पुस्तक आणि डोक्यात हवा घेऊन.

पालघरला त्या विद्येचं गिऱ्हाईक कोणी नव्हतं. कोंबड्या सगळ्याच मोजायच्या असत, त्यांतून नमुना काढायला कोणी सांगत नसे. मग मी ती विद्या तालुक्याच्या मासिक सभेत वापरू लागलो. कोणी उभं राहून म्हणालं की अमुक गावचे लोक नव्या बियाण्यावर खूश आहेत, की मी हात वर करायचा. किती जणांना विचारलंत? एकूण किती? कसे निवडलेत? जे भेटले नाहीत त्यांचं काय? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरचा खाली बसे. गुरांचा डॉक्टर तर माझ्या नजरेला पडू नये म्हणून खांबामागची खुर्ची धरायला लागला. अध्यक्ष भातगिरणीचे मालक होते. त्यांना सभा जेवणाआधी आटोपण्यात रस असे, आणि माझ्या प्रश्नांनी विषय लवकर संपतो हे त्यांनी हेरलं होतं. ते मला लाडाने "आमचे शास्त्रज्ञ" म्हणत. मीही ते नाव मिरवत असे, आज सांगायला लाज वाटते.

अशा एका सभेत एक ग्रामसेविका उभी राहिली. वसईकडची, पंचविशीतली, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात नेमलेली. तिचं काम बायकांना शिवण आणि बाळाचं वजन शिकवायचं. पण तिने भलतंच काढलं होतं. त्या गावच्या बायका पहाटे डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन बोईसर स्टेशनपर्यंत चालत जात, दोन तास. तिथून कोणी पालघरच्या बाजारात, कोणी पुढे मुंबईकडे. गावाला बस होती, पण ती सकाळी साडेनऊला सुटे आणि कंडक्टर ओली पाटी आत घेत नसे. बाईंचं मागणं एवढंच की पहाटे एक बस सोडावी आणि पाट्या टपावर ठेवू द्याव्यात. सभेने शिफारस केली असती तर काम होण्यासारखं होतं. तिला आधी कोणीतरी सांगितलं होतं, आकडे घेऊन या. ती घेऊन आली होती.

सोबत गावातली एक म्हातारी कोळीण होती. तिला खुर्ची दिली तर ती दाराशी जमिनीवरच बसली, पाय लांब करून. गुडघे दाबत होती.

बाई म्हणाल्या, "मी रस्त्याच्या नाक्यावर तीन दिवस पहाटे उभी राहिले. अठ्ठेचाळीस बायकांना विचारलं. अठ्ठेचाळीसही जणींना बस हवी आहे."

माझा हात वर गेला. अगदी आपोआप, शिंक यावी तसा.

"अठ्ठेचाळीसच का?"

"कचेरीतून पन्नास फॉर्म मिळाले होते. दोन दवाने भिजले."

सभागृहात हशा पिकला. मी हसलो नाही. मी गंभीर चेहरा ठेवायचा, त्याने जास्त लागतं.

"गावात मासळी विकणाऱ्या बायका एकूण किती?"

"नक्की माहीत नाही. तशी यादी कुणाकडेच नाही."

"म्हणजे कशातून अठ्ठेचाळीस घेतल्या तेच माहीत नाही. बरं, निवडल्या कशा?"

"ज्या चालत आल्या त्यांना विचारलं."

"म्हणजे ज्या पाट्या घेऊन चालतायत त्यांनाच थांबवून विचारलं, बस हवी का." मी अध्यक्षांकडे वळलो. "साहेब, हे पाणवठ्यावर उभं राहून तहान लागली का विचारण्यासारखं झालं."

पुन्हा हशा. बाई लाल झाल्या, पण हलल्या नाहीत. "बस चालणाऱ्यांसाठीच मागतोय ना, भाऊसाहेब? मग विचारायचं कुणाला?"

आता सांगतो, हे उत्तर बरोबर होतं. कोणाबद्दल बोलायचंय हे आधी ठरवा, मग त्यांच्यातून नमुना काढा, हा पुस्तकाचा पहिला धडा. बाईंनी तो न वाचता केला होता. मी तो वाचून विसरलो होतो. पण माझा पुढचा प्रश्न तयार होता आणि तयार प्रश्न गिळणं माझ्या स्वभावात नव्हतं.

"तीन दिवस सलग? तेच तीन का?"

"तेव्हाच मला सवड होती."

यावर दाराशी बसलेली म्हातारी बोलली. "ते भांगाचे दिस होते, बाबा. मासळी कमी येतं तवा. अर्ध्या बायका घरात व्हत्या. उधाणात येऊन मोज."

भरती-ओहोटीला जोर नसतो ते दिवस भांगाचे. तेव्हा प्रवाहात लावलेल्या डोल जाळ्यांत मासळी थोडी पडते, मग विकायला जाणाऱ्याही थोड्या. पानवाडीत वाढलेल्या माणसाला यातलं काय कळणार? मला एवढंच कळलं की साक्षीदाराने माझ्या बाजूने कबुली दिली. मी टेबलावर पेन्सिल आपटली. "पाहिलंत? दिवससुद्धा चुकीचे." चुकीचे होते, कबूल. पण कोणत्या बाजूला चुकीचे, हे विचारायचं मला सुचलं नाही. उधाणात मोजलं असतं तर रस्त्यावर दुप्पट बायका दिसल्या असत्या. बाईंचा नमुना त्यांच्याच विरुद्ध झुकलेला होता आणि मी त्यांना लबाड ठरवत होतो.

म्हातारी अजून बोलत होती. "मना आता चालवत नाय. एक पावसाळा काढीन कसातरी. बस देताव तर सांगा, नाय तर धंदा सुनेला देते." ती अध्यक्षांना म्हणत होती, पण अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते.

"आपल्या शास्त्रज्ञांनीच रीतसर सर्व्हे करावा," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." आणि आम्ही जेवायला गेलो. मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रीतसर म्हणजे रीतसर. कोळीवाड्यात घरांवर नंबर होते. मलेरियावाले फवारणीला आले तेव्हा त्यांनी प्रत्येक दारावर गेरूने घातलेले. एक ते चारशे. आयती यादी हाती लागल्यावर मला ब्रह्मानंद झाला. दर दहावं घर घ्यायचं. पण सुरुवात आपल्या मर्जीने करायची नाही, चिठ्ठी काढायची, असा नियम. मी कचेरीत शिपायासमोर एक ते दहाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. एक आला. म्हणजे घर एक, अकरा, एकवीस, एकतीस, असं पुढे. चाळीस घरं. शिपायाला मी हे का बरोबर आहे ते समजावून सांगितलं. त्याने विचारलं, "मग एवढ्यासाठी टोपी माझीच कशाला?"

दोन दिवस मी गावात फिरलो. तारापूरकडे नव्या प्रकल्पाचं काम तेव्हा सुरू झालं होतं, त्यामुळे हातात वही असलेला माणूस दिसला की लोक आधी विचारत, जमीन घ्यायला आलास काय? पण मी ज्या घरी गेलो तिथे माझं स्वागत चांगलं झालं. प्रत्येक घरी बसायला खुर्ची होती. चहा होता, दोन ठिकाणी तळलेले सरंगे. बऱ्याच घरी रेडिओ. घरातला कर्ता पुरुष समोर बसून आरामात उत्तरं द्यायचा. पहाटेची बस हवी का? नको. आमची मासळी बंदरावर बर्फात भरून व्यापारी उचलतो. आमच्या बायका कशाला डोक्यावर पाटी घेतील? एकाने तर सांगितलं की बस आली तर रस्ता खराब होईल. मी सगळं लिहून घेतलं. चाळीस घरी चाळीस खुर्च्या, आणि तरी मला काही खटकलं नाही. कोळीवाड्याबद्दल लोक उगीच गरिबीच्या गप्पा मारतात, असं मात्र मी रूमवर येऊन शेजाऱ्याला सांगितलं.

पुढच्या सभेत मी निकाल वाचला. चाळीस घरांपैकी सदतीस घरांना बस नको. मी "यादृच्छिक" हा शब्द चार वेळा वापरला आणि एकदा इंग्रजी प्रतिशब्दही म्हणून दाखवला. अध्यक्षांनी मान डोलावली. ग्रामसेविका तिसऱ्या रांगेत बसली होती. या वेळी ती एकटीच आली होती. तिने हात वर केला, माझ्यासारखाच, कोपर टेबलावर ठेवून. मला वाटलं, करू दे बिचारीला.

"चाळीसच का, भाऊसाहेब?"

"चारशे घरांचा दहावा हिस्सा."

"माझे अठ्ठेचाळीस होते. ते तुम्हाला कमी वाटले होते."

खांबामागून गुरांचा डॉक्टर खाकरला. मी म्हणालो की प्रश्न संख्येचा नसतो, निवडीच्या पद्धतीचा असतो. आणि हे खरंच तसं आहे. वाईट रीतीने निवडलेल्या हजारांपेक्षा नीट निवडलेले चाळीस बरे. फक्त एक महिना आधी मी याच जागी बरोबर उलटं बोललो होतो.

"बस कुणाला हवी, ते घरात कुणाला विचारलंत?"

"कुटुंबप्रमुखाला. नियमच आहे तो."

"ते पाटी घेऊन जातात?"

"नाही."

"मग बायकांना किती जणींना विचारलंत?"

मी तक्ता उलटसुलट केला. उत्तर मला पाठ होतं. एकीलाही नाही. चहा देणाऱ्या हातांशिवाय मी त्या घरांतली बाई पाहिलीच नव्हती. "कुटुंबप्रमुख सर्वांच्या वतीने बोलतो," मी म्हणालो. अध्यक्षांना हे फार पटलं. त्यांच्या घरी तसंच असावं.

बाई उठल्या. मग फळ्यापाशी आल्या, परवानगी न विचारता, आणि खडूने समांतर रेघा मारल्या. "हे गाव एकदा जळून गेलं होतं. मग सरकारने दोरी लावून पुन्हा वसवलं. बंदरापासून आत अशा सरळ आळ्या. एका आळीत दहा घरं. सगळ्या सारख्या." तिने प्रत्येक रेघेच्या टोकाला ठिपका दिला. "बंदरालगतची पहिली घरं बोटवाल्यांची. आत खलाशांची आणि पाटीवाल्या बायकांची. मलेरियावाले एक आळी झाली की पंप भरायला बंदरावर परत यायचे, म्हणून प्रत्येक आळीचा पहिला नंबर बंदराकडूनच. एक, अकरा, एकवीस." ती माझ्याकडे वळली. "भाऊसाहेब, तुम्ही चाळीस घरी गेलात. त्यांतलं एक तरी घर बोटवाल्याचं नसलेलं होतं का?"

मला खुर्च्या आठवल्या. हे सगळं पुस्तकात होतं. यादीतच ठरावीक अंतराने तेच तेच येत असेल तर दर दहावं घेऊ नका, सैनिकांच्या रांगेत दर दहावा माणूस नाईक असेल तर सगळे नाईकच हाती लागतील, असं उदाहरणासकट होतं. मी त्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. आणि आता समोर फळ्यावर माझी चूक ठिपके देऊन काढलेली होती. चारशे घरांत मी एकाही पाटीवालीच्या दारात गेलो नव्हतो.

त्या क्षणी "बाई म्हणतात ते बरोबर आहे" एवढं पाच शब्दांचं वाक्य पुरलं असतं. मी तोंडही उघडलं. आणि मला डॉक्टर दिसला. तो आयुष्यात पहिल्यांदा खांबाबाहेर येऊन बसला होता, दोन्ही हात मांडीवर, तमाशा बघायला आल्यासारखा.

मी म्हणालो, "सुरुवात टोपीत चिठ्ठ्या टाकून केली होती. चिठ्ठीत एक आला. सात आला असता तर सातवी घरं आली असती. प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखीच संधी होती. पद्धत निर्दोष आहे."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि म्हणूनच ती लबाडी होती. संधी सारखी होती, पण सात आला असता तर निकाल बरोबर उलटा लागला असता. चिठ्ठीवर उभा असलेला तो निकाल कसल्याच कामाचा नव्हता. हे त्या सभेत दोघांना कळत होतं. एक मी. दुसरी फळ्यापाशी, हात खडूने पांढरे.

ती म्हणाली, "म्हणजे बस मिळायची की नाही, ते टोपीत ठरलं."

कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "चिठ्ठी टाकली होती ना? मग पक्षपाताचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. शिफारस न करण्याचं ठरलं. डॉक्टर निराश होऊन परत खांबामागे गेला. बाईंनी फळा पुसला, कोणी सांगितलं नसताना, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मला जाताना त्या काही बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं, आणि लागलं म्हणून रागही आला, तोही त्यांचाच.

त्यानंतर आठवडाभर मी एक टिपण लिहीत होतो. यादी सदोष, निष्कर्ष ग्राह्य धरू नये, वगैरे. लिहायचो आणि फाडायचो. शेवटी एक नीट लिहिलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. सभेचं इतिवृत्त मंजूर होऊन गेलं, मग आता उपयोग काय, असं मीच मला सांगितलं. इतिवृत्त मंजूर व्हायला तीन आठवडे लागले होते. टिपण आठव्या दिवशी तयार होतं. बाईंची पावसाआधी डहाणूकडे बदली झाली.

पाऊस सरल्यावर एका रविवारी मी पालघरच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. ओल्या बोंबलांची पाटी दिसली म्हणून वाकलो. तिशीतली कोळीण होती. मी वाटा मागितला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दहाव्या घराचा साहेब ना तू?"

मी हो म्हटलं. नाही म्हणून उपयोग नव्हता. तिने पाटीतले बोंबील एकेक उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आजूबाजूच्या बायका वाकून बघू लागल्या. दहावा तिने माझ्या पिशवीत टाकला. बारका, शेपटाकडे फाटलेला. परत एकपासून मोजायला लागली.

"नाय तर चिट्टी टाकताव आदी?" शेजारची म्हणाली. "टोपी आणलीस काय?"

सगळा बाजार हसला. मीही हसलो, म्हणजे ओठ हलवले. पोराटोरांनी चिडवावं आणि आपण खोटं हसावं तसं. मग काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरंच आठवण झाली म्हणून, मी विचारलं, "त्या दिवशी सभेला आलेल्या आजी दिसत नाहीत. त्या कुठे बसतात?"

"सासू ती माझी." तिने मोजणं थांबवलं. "पावसात पडली रस्त्यात, पाटीसकट. आता घरात हाय. दुसऱ्यांचे बोंबील सुकत घालते रोजावर."

मी घाईघाईने सांगितलं की बसचा अर्ज पुन्हा करता येईल, मी स्वतः येईन, या वेळी नीट मोजू, उधाणाच्या दिवसांत, आळीत आतपर्यंत जाऊन, बायकांनाच विचारून. आजींना सगळ्यांत आधी विचारीन.

तिने पुढचा बोंबील उचलला आणि पिशवीत टाकला. तो कितवा होता ते तिने मोजलं नाही.

"तिला नको विचारू," ती म्हणाली. "आता विचारशील तं बस नको म्हणल ती. तिला आता जायचं कुठं हाय?"